फायदा मोजायची सोपी पद्धत

कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकायला घेतल्यात ना? मग आधी हिशेबाची वही कपाटात टाका आणि वजाबाकी मनातल्या मनात करा. साडेचारशेला घेतलेला जोड 840 ला विकला, 390 सुटले. शंभर ऑर्डरी म्हणजे 39,000. एवढं आलं की लगेच मेव्हण्याला फोन करून सांगा, कारण पुढचा हिशेब केलात तर सांगण्यासारखं काही उरणार नाही.

काही किरकिरे लोक म्हणतील, 840 मध्ये 5 टक्के जीएसटीचे 40 सरकारचे आहेत, तुमचे 800 च. त्यांतून पुठ्ठ्याचा बॉक्स, पिशवी, टेप, धन्यवादाचं कार्ड यांचे 30 वजा करा, कुरिअरचे 90, पेमेंट गेटवेचे साधारण 20. जोडाचे 450 धरून उरले 210. अशांना घरात घेऊ नका. 390 चे 210 करणारा माणूस शुभकार्याला चालत नाही.

बॉक्स मात्र ऐसपैस घ्या. 32 बाय 20 बाय 12 सेंटिमीटरचा बॉक्स दिसतो किती छान! चपलांचं वजन 700 ग्रॅम, पण कुरिअरवाला तराजूबरोबर फूटपट्टीही ठेवतो. लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून तो 5000 ने भागतो आणि हे वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त निघालं तर त्याचंच बिल लावतो. तुमच्या ऐसपैस बॉक्सचं उत्तर येतं 1.54 किलो. दर अर्ध्या किलोच्या टप्प्याने असल्याने बिल 2 किलोचं, समजा 150 रुपये. 28 बाय 18 बाय 9 चा बॉक्स 907 ग्रॅमवर थांबतो आणि 90 मध्ये भागतं. पण इतका घट्ट बॉक्स ग्राहकाला कंजूष वाटेल. जास्तीचे 60 रुपये तुम्ही हवेच्या वाहतुकीचे द्या, हवा तरी किती दिवस फुकट न्यायची?

आता परताव्याकडे वळू, म्हणजे पाठ फिरवू. चपलेचं माप हे देवाच्या हातात असतं. आठ नंबर मागवणाऱ्याच्या पायाला कधी सात बसतो, कधी नऊ. शंभरातल्या वीस चपला परत आल्या असं धरा. परत आलेल्या ऑर्डरीवर फायदा शून्य झाला, एवढंच समजा आणि झोपा. प्रत्यक्षात जातानाचे 90, येतानाचे 90, वाया गेलेलं पॅकिंग 30, शिवाय ग्राहकाला पैसे पूर्ण परत केले तरी गेटवे आपलं शुल्क परत करत नाही, ते 20. एका परताव्याला 230 खिशातून. विसांचे 4,600. त्यांतले पाच जोड पावसात भिजलेले किंवा लग्नात घालून परत पाठवलेले, ते पुन्हा विकता येत नाहीत. त्यांचे 2,250.

म्हणजे राहिलेल्या 80 ऑर्डरींचे 16,800, त्यांतून हे दोन्ही वजा केले की 9,950. पाठवलेल्या प्रत्येक ऑर्डरीमागे साडेनव्व्याण्णव रुपये. तेही लहान बॉक्स वापरला तर, आणि जाहिरातीचा एक पैसाही न धरता. मेव्हण्याला सांगितलेल्या 390 चा हा चौथा भाग.

म्हणूनच आता सवलत जाहीर करा. दहा टक्के काय, किरकोळ! 840 चे 756, जीएसटी जाऊन हातात 720. प्रत्येक विकल्या गेलेल्या जोडामागे 80 रुपये कमी, म्हणजे शंभर ऑर्डरींना 6,400. ग्राहकाला दहा टक्के मिळाले, तुमच्या नफ्यातून मात्र चौसष्ट टक्के गेले. दानशूर म्हणून नाव होईल. त्यात ऐसपैस बॉक्सही ठेवलात, तर विकल्या गेलेल्या 80 जोडांवर 60 प्रमाणे आणि परत आलेल्या 20 वर जाता-येता 120 प्रमाणे आणखी 7,200 लागतील. 9,950 मधून 13,600 गेले. शंभर ऑर्डरी पाठवा आणि वर 3,650 रुपये पदरचे घाला.

तरी खप वाढतो आहे हे बघा! रोज फोन वाजतो, टेपचे रोल संपतात, कुरिअरचा मुलगा नावाने हाक मारतो. कॅश ऑन डिलिव्हरीही सुरू करा, म्हणजे ज्यांना मुळात चपला घ्यायच्याच नव्हत्या, तेही दारात पार्सल बघून मग ठरवतील.

आणि परत आलेले बॉक्स? माळ्यावर रचून ठेवा, उघडू नका. मी एकदा उघडला होता. आत डावी चप्पल आठ नंबरची, उजवी सातची, आणि सातची माझी नव्हतीच.