ते ‘लीगल होल्ड’वालं फॉरवर्ड पुढं पाठवू नका

“सगळ्या नोकरदार भावांनी वाचा. ऑफिसच्या चॅटवर कंपनीनं लीगल होल्ड लावला की डिलीटचं बटणच बंद पडते. आधी उडवलेले मेसेज पण सगळे परत येतात. तुमचं खाजगी व्हॉट्सॲप पण कंपनीले दिसते. ज्याच्यावर होल्ड लागला तो फसला समजा. म्हणून चौकशीची कुणकुण लागली की आधीच सगळं साफ करून टाका.”

वणी-पांढरकवड्याकडच्या जिनिंगच्या ग्रुपांवर हे सध्या फिरून राहिलं आहे. मी अशाच फॅक्टऱ्यांचं कम्प्युटरचं काम पाहतो, मेल, मायक्रोसॉफ्टचं टीम्स चॅट, काट्याचं सॉफ्टवेअर, सगळंच, म्हणून टीम्सपुरतं सांगतो, काहून की ते आतून कसं चालते हे मले माहीत आहे. दुसऱ्या ॲपमध्ये बारकावे वेगळे राहू शकतात.

लीगल होल्ड म्हणजे चौकशीले नाहीतर खटल्याले लागणारे मेसेज-फायली कायमच्या उडू नये म्हणून कंपनीनं लावलेली रोक. त्यानं बटण बंद पडत नाही. समजा एका जिनिंगमध्ये तक्रार आली की कापसाचा ओलावा वाढवून लिहितात नि शेतकऱ्याचे पैसे कापतात. कापसाची प्रत पाहणाऱ्या ग्रेडरनं सकाळी काट्यावरच्या पोराले टीम्सवर लिहिलं, “मीटरवर ९ आला, ११ टाक.” दुपारी त्याले भीती वाटली, मेसेज एडिट करून “मीटरवर ११ आला” असं केलं, संध्याकाळी तं तोही उडवला. आता दोघांच्याही स्क्रीनवर काहीच नाही, फक्त मेसेज डिलीट झाल्याची पुसटशी ओळ. होल्ड असो नसो, स्क्रीनवर इतकंच दिसते, नि म्हणूनच लोकायले वाटते की गेलं बाप्पा एकदाचं. पण टीम्सचा चॅट खरा राहतो मेलबॉक्समध्ये, आउटलुकमध्ये न दिसणाऱ्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये, नि समोरासमोरच्या चॅटची एकेक कॉपी दोघांच्याही मेलबॉक्समध्ये पडते. होल्ड लागलेला असला तर उडवलेला मेसेज SubstrateHolds नावाच्या फोल्डरमध्ये सरकतो नि तिथंच थांबतो, एडिटच्या आधीचा मजकूरसुद्धा तिथं जातो. म्हणजे चौकशीवाल्यानं शोध लावला की ९ वालाही निघते नि ११ वालाही, वेळेसकट. नि हे पाहा, होल्ड फक्त काट्यावरच्या पोराच्या मेलबॉक्सवर असला तरी चालते, कारण त्याची कॉपी वेगळी. ग्रेडरनं आपल्याकडून कितीही पुसलं तरी समोरच्याची होल्डवरची कॉपी त्याच्या हातात नसते.

जुनं परत येणं, इथं फॉरवर्डवाल्यानं होल्डले जादू समजून घेतलं. होल्ड म्हणजे धान्याच्या कोठीले लावलेलं कुलूप, आत जे आहे ते बाहेर जाऊ देत नाही, पण जे आधीच विकून खाल्लं ते कुलूप कुठून आणणार. होल्ड नसेल नि कंपनीनं जपून ठेवायची दुसरी काही पॉलिसी लावली नसेल तर डिलीट केलेला मेसेज आत थोडे दिवस राहते, मग मागं चालणारं सफाईचं काम येते नि तो कायमचा जातो. त्या खिडकीत होल्ड लागला तर वाचला, नाहीतर गेला, मग मायक्रोसॉफ्टले फोन लावून काही होत नाही. वरून होल्ड लावल्याबरोबर चालू होतो असंही नाही, लागू व्हायले २४ तास लागू शकतात. म्हणून तक्रार सोमवारी आली नि मॅनेजरनं “पाहू, चौकशी समिती बसू द्या” म्हणत दोन आठवडे काढले तर नुकसान तिथंच होते, नि ते कोणाच्या डोळ्यालेही दिसत नाही.

अजून एक भोक आहे जे मले सगळ्यात जास्त दिसते. लोक मेसेजवर होल्ड लावतात नि फायली विसरतात. ग्रेडरनं ओलाव्याच्या मीटरचा फोटो चॅटमध्ये फाईल म्हणून जोडला असंल तर टीम्स तो फोटो पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये, म्हणजे त्याच्या ऑनलाइन फायलींच्या कोठीत ठेवते, मेलबॉक्समध्ये राहते फक्त मेसेज नि लिंक. वनड्राइव्हवर होल्ड नसेल तर मेसेज सापडंल, पण लिंक दाबली की फाईल नाही. तिथं उडवलेली फाईल साधारण ९३ दिवस रिसायकल बिनमध्ये राहते, पण ग्रेडर ते बिनही रिकामं करू शकतो. चॅनलचं, म्हणजे अख्ख्या टीमच्या सामायिक चॅटचं, गणित परत वेगळं, साध्या चॅनलवरचं बोलणं त्या टीमच्या ग्रुप मेलबॉक्समध्ये जाते, माणसाच्या नाही, म्हणून नुसतं माणसाचं नाव देऊन होल्ड लावला तर “खरेदी केंद्र” चॅनलवरचं सगळं सुटून जाते. माणूस, त्याचं वनड्राइव्ह, ती टीम, हे सगळं यादीत पाहिजे. नि हे सगळं होल्डचं काम स्वस्त प्लॅनमध्ये बहुतेक मिळतच नाही, गावाकडच्या फॅक्टऱ्या स्वस्तवालाच घेतात, मग तक्रार आल्यावर पळापळ.

व्हॉट्सॲपचं दोन वाक्यात. कंपनीच्या टीम्सचा होल्ड तुमच्या खाजगी नंबरच्या व्हॉट्सॲपले शिवत नाही, शिवूच शकत नाही, तो डेटा कंपनीच्या हातात नाही. आता पोलिसांनी कायदेशीर रीतीनं फोन मागितला तर ती वेगळी गोष्ट झाली, पण त्याचा होल्डशी काही संबंध नाही.

फसला समजा म्हणणाऱ्याले इतकंच विचारा की भाऊ, साक्षीदाराचं काय? वरच्या प्रकरणात होल्ड ग्रेडरवर लागंल, काट्यावरच्या पोरावर लागंल, तक्रार करणाऱ्या अकाउंटंट ताईवरही लागंल. बरेचदा माणसाले पत्ताही नसतो, टीम्स स्वतःहून काही कळवत नाही, कंपनीनं चिठ्ठी दिली तरच कळते.

नि आता ते साफ करून टाका. हाच सल्ला सगळ्यात घातक आहे, काहून की ऐकणाऱ्याले तोच पटते. सिस्टीममधलं ऑडिट, म्हणजे कोण काय करते याची आपोआप होणारी नोंद, चालू असलं तर कोणी कधी मेसेज उडवला हे वेगळं लिहून राहते, साध्या लायसन्सवर ती १८० दिवस राहते. त्यात मेसेजचा मजकूर नसते, पण तक्रारीच्या दुसऱ्या दिवशी एकाच माणसानं रात्री बसून ढिगानं मेसेज उडवले हे दिसते, नि मूळ मेसेजपेक्षा तेच जास्त वाईट दिसते. वरून कायदा. भारतीय न्याय संहितेचं कलम २४१ पाहा, जे रेकॉर्ड पुरावा म्हणून कायद्यानं हजर करावं लागू शकते ते कोर्टात जाऊ नये म्हणून नष्ट केलं तर ३ वर्षांपर्यंत शिक्षा, नि त्यात इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड स्पष्ट लिहिलं आहे. नुसत्या कंपनीच्या आतल्या चौकशीले ते सरळ लागत नाही हे खरं, पण शेतकऱ्याचे पैसे कापल्याचं प्रकरण पोलिसात जायले किती वेळ लागते. नि हे फक्त नोकराच्या मानेवर नाही. गुगलसारख्या कंपनीनं खटला चालू असताना काही चॅट २४ तासांत आपोआप उडू दिले, जपायचे की नाही हे कर्मचाऱ्यांवर सोडलं, तं मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या जज डोनाटोनं कंपनीले चांगलंच झापलं.

तुम्ही तक्रार करणारे असाल तर लेखी तक्रारीतच लिहा की अमुक-अमुक माणसांचे चॅट, त्यांचं वनड्राइव्ह नि अमुक टीम, अमुक तारखेपासूनचं, आजच्या आज होल्डवर टाका, नि टाकल्याचं मला लेखी कळवा. दुसऱ्या दिवशी कम्प्युटरवाल्याले विचारा, होल्डचं स्टेटस चालू दाखवते का नि वनड्राइव्ह यादीत आहे का. “हो हो, लावला” एवढ्यावर घरी जाऊ नका.