दोन चौकटींची कारणं एकत्र केली म्हणून निबंध भक्कम होत नाही

"नीतिशास्त्राच्या निबंधात एकाच सिद्धांताला चिकटून बसू नका. परिणामांची कारणं द्या, कर्तव्याचीही द्या. जितकी कारणं जास्त, तितका निबंध भक्कम. आणि कान्ट तरी वेगळं काय सांगतो? सगळेच असं वागले तर काय होईल, एवढंच ना!"

निबंध लिहिणाऱ्यांना असा सल्ला दिला जातो, आणि तो मला पटत नाही. आधी जर्मन तत्त्वज्ञ कान्टबद्दल, कारण बाकीचा घोळ तिथूनच सुरू होतो. १७८५ साली त्याने खोट्या वचनाचं उदाहरण दिलं. एकाला पैशांची नड आहे. फेडता येणार नाहीत हे ठाऊक असूनही तो 'परत करतो' असं वचन देऊन कर्ज मागतो. सगळे असं वागले तर समाजाचं नुकसान होईल, असा कान्टचा युक्तिवाद नाही. नुकसान मोजायला बसलो की आपण परिणामांवरून योग्य-अयोग्य ठरवणाऱ्या चौकटीत, म्हणजे परिणामवादात शिरलो. त्याचं बोट विसंगतीवर आहे. सगळेच खोटी वचनं देऊ लागले तर वचनावर कुणी विश्वासच ठेवणार नाही, आणि ज्या वचनाच्या जोरावर याला पैसे हवे आहेत ते वचनच निरर्थक होईल. म्हणजे ज्याच्या आधाराने काम साधायचं तेच मोडून टाकणारा नियम हा माणूस सर्वांसाठी मागतो आहे. असं जग सुखी असेल की दुःखी, हा प्रश्न या कसोटीत येतच नाही.

आता 'जास्त कारणं' या मुद्द्याकडे येऊ. एक प्रसंग घ्या. रुग्णाला बरा न होणारा आजार आहे. नातेवाईक डॉक्टरांना म्हणतात, "त्यांना काही सांगू नका, ते खचतील." रुग्ण मात्र थेट विचारतो, "मी बरा होईन ना?" डॉक्टरांनी 'हो' म्हणावं का? निबंधात बहुतेक वेळा असं वाक्य येतं: 'खोटं बोलणं हे कर्तव्याच्या विरुद्ध आहे, कारण त्यामुळे रुग्णाचा डॉक्टरांवरचा विश्वास उडेल.' सुरुवात कर्तव्याची आणि 'कारण'नंतर परिणाम. हे वाक्य तपासायचा सोपा उपाय आहे. ते खोटं कधीच उघडकीला येणार नाही असं धरा. मग निष्कर्ष टिकतो का? विश्वास उडण्याचा प्रश्नच उरला नाही, तेव्हा दिलेलं कारण गळून पडलं आणि कर्तव्याच्या बाजूने काहीच मांडलेलं नाही हे उघड झालं.

कर्तव्यवादी निबंधाला इथे दुसरं काही म्हणावं लागेल: उरलेल्या दिवसांचं काय करायचं हे ठरवण्यासाठी रुग्ण विचारतो आहे. खोटं उत्तर देणारा डॉक्टर तो निर्णय त्याच्या हातातून काढून घेतो, मग ते कितीही मायेपोटी असो. हे कारण खोटं न पकडलं गेल्यासही तसंच उभं राहतं. पण त्याची किंमत मोजावी लागते. खरं ऐकून रुग्ण खचला तरी निष्कर्ष बदलता येत नाही. कसं सांगायचं, किती सांगायचं, कधी थांबायचं याला जागा आहे, कारण सगळं न सांगणं आणि खोटं सांगणं एक नव्हे. 'हो' म्हणायला मात्र जागा नाही.

परिणामवादी निबंधही 'खोटं बोलू नये' असं म्हणू शकतो, पण हिशेब करून. भीती किती, राहिलेली कामं उरकायची संधी किती, खोटं उघड होण्याची शक्यता किती, पुढच्या रुग्णांच्या विश्वासावर परिणाम किती. हिशेब उलटा पडला तर 'हो' म्हणणं योग्य, हे त्याने मान्य करायला हवं. नेमकं इथेच लेखक 'पण रुग्णाचा हक्क आहे' म्हणत दुसऱ्या चौकटीत उडी मारतो. मला हे सर्वांत खटकतं. दोन्ही कारणं एकाच दिशेने जातात तोवर कुठलं कारण निष्कर्षाला आधार देतं आहे हे कळतच नाही. ती विरुद्ध दिशांना ओढू लागली की आपल्याला आवडणारं उत्तर देणारं कारण उचललं जातं, आणि मग सिद्धांत नुसता नावाला उरतो.

एका चौकटीत राहायचं म्हणजे परिणामांकडे डोळेझाक करायची, असं मात्र नाही. १९३० साली ब्रिटिश तत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉस याने परस्परांशी टक्कर होऊ शकणाऱ्या अनेक कर्तव्यांची मांडणी केली. त्यात वचन पाळणं आहे, तसंच इतरांचं भलं करणं आणि इजा न करणंही आहे. रॉसचा आधार घेतलात तर रुग्णाच्या खचण्याला वजन देता येतं, पण ते एका कर्तव्याचं वजन म्हणून. या प्रसंगात ते खरेपणाच्या कर्तव्यापेक्षा जड का किंवा हलकं का, हे तुम्हालाच सांगावं लागतं, कारण रॉस त्यासाठी तयार सूत्र देत नाही. आणि हे रॉसच्या नावाने पहिल्या परिच्छेदातच जाहीर करावं. कान्टच्या नावाने सुरू केलेल्या निबंधात अडचण आल्यावर रॉसला बोलावता येत नाही.

दुसऱ्या बाजूचं कारण निबंधात जरूर यावं, पण आक्षेप म्हणून. 'परिणामवादी विचारेल, रुग्ण खचला तर?' असं लिहा आणि त्याला आपल्याच चौकटीतून उत्तर द्या.