मींड, गमक, मुरकी: कानाने कसं ओळखायचं

"मींड, गमक, मुरकी ही एकाच गोष्टीची तीन नावं. गळा हलवला की झालं."

नाही. गाण्यात स्वर सजवायच्या या तीन वेगळ्या तऱ्हा. यमन रागात पंचमावरून गंधारावर या. आवाज न तुटता घसरत आला आणि मधला तीव्र मध्यम वेगळा उभा राहिला नाही, तर ती मींड. पेटीवर ती निघत नाही, कारण दोन पट्ट्यांमधली जागा तिथे नसतेच.

मुरकी मात्र पेटीवर वाजते. तीनचार हलके स्वर चुटकीसरशी येऊन जातात. रेकॉर्डिंग निम्म्या वेगाने लावा, एकेक मोजता येईल. मींड कितीही सावकाश ऐका, सांधा सापडत नाही.

गमकयुक्त तानेत प्रत्येक स्वराला शेजारच्या स्वरावरून जोरकस हेलकावा बसतो, आवाज छातीतून घुमतो. द्रुत लयीत मुरकीशी गफलत होते ती इथेच. तेव्हा वेग सोडा, वजन ऐका.