पाऊल अडतं आणि गुडघा पिळतो: एका फॉरवर्डचा प्रतिवाद

“डान्स फिटनेस किंवा एरोबिक्सला वेगळे शूज घ्यायची अजिबात गरज नाही. चांगले रनिंग शूज घ्या. ग्रिप जितकी घट्ट तितकं घसरायचं भय कमी, आणि कुशन जितकं जाड तितके गुडघे सुरक्षित. एवढं करूनही गुडघा किंवा चवडा दुखला तर समजा सवय नाही, दोन महिन्यांत आपोआप थांबतं.”

हा मेसेज आमच्या क्लासच्या ग्रुपवर या महिन्यात तिसऱ्यांदा आलाय. पाठवणारी मंडळी मनापासून पाठवतात, म्हणून आधी दोनदा गप्प बसले. पण मी गेली कित्येक वर्षं हेच शिकवते, आणि या चार ओळींमुळे दुखावलेले गुडघे डोळ्यांसमोर आहेत.

ग्रिपपासून सुरुवात करते, कारण खरी गडबड तिथेच आहे.

पळताना पाऊल एकाच दिशेनं जातं. टाच टेकते, भार पुढे सरकतो, चवड्यानं ढकललं की पाऊल सुटतं. जमिनीवर टेकलेलं असताना त्यानं फिरणं अपेक्षितच नसतं, म्हणून पळायच्या बुटाचं रबर चिकट आणि खाचांचं असतं. आमच्याकडे उलट आहे. पिव्हट टर्न घेताना चवडा जमिनीवरच असतो आणि त्याच्यावर उभं अख्खं शरीर पाव किंवा अर्धा फेरा फिरतं. स्टुडिओच्या लाकडी किंवा व्हायनलच्या गुळगुळीत फरशीवर ते रबर चांगलंच धरून बसतं. खांदे फिरले, कंबर फिरली, मांडीचं हाड फिरलं, पण बूट जागचा हलला नाही, तर राहिलेला पीळ जाणार कुठे? घोट्याला आडवं फिरायला फार जागा नाही. मग पीळ गुडघ्यात जातो. आणि गुडघा ताठ असेल तर त्यालाही फिरायला जवळजवळ जागा नसते. थोडा वाकवला की थोडी मिळते. वळण घ्यायचं काम खुब्याचं आहे, पण पाऊल अडकलं की ते काम गुडघ्यातल्या गाद्या आणि लिगामेंट्सवर येऊन पडतं.

हे फक्त आमच्या खोलीतलं निरीक्षण नाही. नॉर्वेतल्या हँडबॉल खेळाडूंवर 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लाकडी आणि कृत्रिम अशा दोन फरशांची तुलना होती. कृत्रिम फरशी पाऊल जास्त धरते. तिच्यावर खेळणाऱ्या स्त्रियांमध्ये गुडघ्यातलं पुढचं क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे एसीएल, फाटण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. हँडबॉलमधली वळणं आमच्यापेक्षा फार आक्रमक असतात, त्यामुळे एरोबिक्समध्ये लिगामेंट फटाफट तुटतात असा अर्थ कुणी काढू नये. आमच्याकडे एका झटक्यात काही तुटणं क्वचित. छोटा पीळ शेकडो वेळा बसतो.

शेकडो म्हणजे किती, ते मोजूनच बघा. गाण्याची गती मिनिटाला 130 ठोके धरली तर 32 काउंटचा एक ब्लॉक साधारण 15 सेकंदांत संपतो. ब्लॉकमध्ये दोन पिव्हट असतील आणि तासाभरात अशी वळणाची गाणी मिळून 12 मिनिटं असतील, तर जवळपास 96 वळणं झाली. आठवड्याला तीन क्लास म्हणजे तीनशेच्या आत-बाहेर. बहुतेकांचा एक पाय जास्त सराईत असतो, म्हणून ही वाटणी दोन्ही पायांत समान नसते. दुखणं बरेचदा एकाच गुडघ्यात का सुरू होतं, याचं उत्तर इथे सापडतं.

घसरण्याची भीती मात्र अगदी बरोबर आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. फार निसरडा बूट आडव्या उडीत पाय दुसरीकडेच नेतो आणि जांघेचा स्नायू ओढला जातो. म्हणून हवी ती मधली अवस्था: टाचेला आणि कडांना धरणारं रबर, आणि चवड्याच्या मध्याखाली एक गुळगुळीत गोल भाग. डान्स स्नीकर उलटा केला की हा गोल लगेच दिसतो. पाऊल थांबायचं तेव्हा थांबतं, चवड्यावर भार घेऊन टाच उचलली की सरकतं. (बुटावर मोजा चढवायचा उपाय मी कुणाला सांगत नाही. वळण छान होतं, पण पुढच्याच उडीत पाय जातो. फरशीवर पावडर टाकणाऱ्यांनी तर शेजारणीचाही विचार करावा.)

आता कुशन. उड्या आणि जॉगिंगसारख्या स्टेप्सना ते लागतंच, वाद नाही. प्रश्न ते कुठे आहे आणि किती मऊ आहे हा आहे. पळायच्या बऱ्याच बुटांची टाच चवड्यापेक्षा 8 ते 12 मिलिमीटर उंच असते, आणि जाड फोम बहुतांश टाचेखाली. आम्ही टाचेवर आदळतच नाही. आमचा तासातला बराचसा वेळ चवड्यावर जातो. म्हणजे गादी जिथे भरली तिथे आपण फारसे उभे नाही, आणि उंच टाच भार आणखी पुढे ढकलते. शिवाय जाड मऊ सोलवर पाय जमिनीपासून वर राहतो. ग्रेपव्हाइनच्या स्टेपमध्ये पाय मागे-पुढे टाकत आडवं जाताना कड दबली की घोटा वळायला वेळ लागत नाही.

चवड्याचं दुखणं इथेच जन्मतं. मऊ फोममध्ये चवडा रुततो, बूट फरशीला चिकटलेला राहतो आणि पाऊल बुटाच्या आतल्या आत फिरायला बघतं. कातडी एकीकडे, हाड दुसरीकडे. आधी तळव्याला जळजळ, मग फोड किंवा घट्टा. पुढचा भाग अरुंद असेल तर तिसऱ्या-चौथ्या बोटांमधली नस दाबली जाते आणि बुटात खडा अडकल्यासारखं वाटतं. बूट काढून झटकला तर आत काहीच नसतं.

आमच्या क्लासमधल्या एका ताईंचं उदाहरण देते, नाव नको. वय चाळिशीच्या पुढे, आठवड्याला तीन क्लास, पायात सकाळच्या फेरफटक्याचेच जाड रनिंग शूज. उजव्या गुडघ्याची आतली बाजू दुखायची आणि दुसऱ्या बोटाखाली जळजळ. “सवय होईल” म्हणून त्यांनी सहा आठवडे काढले. मी त्यांना एका बाजूला घेतलं आणि चवड्यावर उभं राहून डावीकडे पाव फेरा घ्यायला लावला. बूट चर्रकन वाजला आणि थांबला. गुडघ्याची वाटी डावीकडे गेली होती, बूट अजून समोर बघत होता. फरशीवर काळा अर्धगोल उमटला होता. त्यांच्या पायात माझे जुने डान्स स्नीकर घालून तेच वळण घ्यायला सांगितलं. माप योगायोगानं सारखं निघालं. या वेळी वाटी आणि दुसरं बोट एकाच रेषेत फिरले.

ही चाचणी कुणालाही जमेल. टाच किंचित उचला, गुडघा थोडा सैल ठेवा, खुब्यापासून वळा आणि खाली बघा. वाटी बोटांच्या पुढे निघून गेली तर बूट त्या फरशीला चिकटतोय. चाचणी ज्या फरशीवर नाचता तिथेच करा, कारण जिमच्या रबरी मॅटवर डान्स स्नीकरसुद्धा अडकतो. दुकानात एवढं तरी बघा: बूट हातात घेऊन दुमडला तर तो बोटांच्या मुळाशी वाकायला हवा. मधोमध घडी पडत असेल तर कमानीला आधार नाही. मुळीच वाकत नसेल तर चवडा त्याच्याशी भांडत राहणार. पुढे बोटं पसरायला जागा हवी.

ताईंनी नवा जोड घेताना एक चूक होता होता टळली. पहिल्यांदा त्यांनी उचलला तो मधून दुभंगलेल्या सोलचा, अगदी पातळ. फिरायला झकास, पण चवड्याखाली जवळजवळ काही नाही. ज्यांचा चवडा आधीच जळतोय त्यांनी उड्यांच्या क्लासला तो घालणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्यांनी अखंड सोलचा घेतला: चवड्याखाली बेताची, दाबल्यावर लगेच परत येणारी गादी आणि मध्ये तो गुळगुळीत गोल. लेस बांधताना बोटांकडची पहिली भोकं मोकळी सोडायला सांगितलं, म्हणजे चवडा आवळला जात नाही. वरची मात्र घट्ट, म्हणजे टाच हलत नाही.

पण निम्मं काम बुटानं केलं आणि निम्मं वळण्याच्या पद्धतीनं. त्या आधी खांदा फेकायच्या आणि पाय मागून ओढायच्या. आता टाच आधी हलकी होते, मग पाऊल आणि गुडघा बरोबर निघतात. पाहुणी म्हणून दुसरीकडच्या क्लासला रबरी फरशीवर गेल्या तर त्या पिव्हट करतच नाहीत, चार छोट्या पावलांत चालत वळतात. काउंट तेवढेच लागतात. गुडघा तीनेक आठवड्यांत शांत झाला, जळजळ जायला जास्त वेळ लागला.

राहिला “दोन महिन्यांत आपोआप”चा मुद्दा. पिंढऱ्या आणि मांड्या नव्यानं भरून येतात ते सवयीनं जातं, दोन-तीन दिवसांत, आणि दोन्ही पायांत सारखंच असतं. एकाच गुडघ्याची आतली बाजू वळतानाच दुखते ते सवयीचं नव्हे. पावलाच्या वरच्या बाजूला बोटानं दाबून दाखवता येईल अशा एका जागी हाड दुखत असेल आणि उड्यांनी वाढत असेल, तर ती हाडाला गेलेली बारीक चीर असू शकते. तेव्हा उड्या त्याच दिवशी बंद आणि डॉक्टर. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, तेवढ्यानं निर्धास्त होऊ नका. गुडघा सुजला, अडकला किंवा उभ्या उभ्या दगा देऊ लागला तर कुठलाही बूट उपयोगाचा नाही, ऑर्थोपेडिककडेच जायला हवं.

ताईंचे रनिंग शूज वाया गेले नाहीत, सकाळी त्यावरच चालतात. डान्सचा जोड मात्र पिशवीतून येतो आणि स्टुडिओच्या दारात पायात चढतो. एकदा घाईत तो घालूनच घरून निघाल्या होत्या. डांबरी रस्त्यावरच्या खडीनं गुळगुळीत गोलावर ओरखडे पडले आणि त्या दिवशी चर्र असा आवाज पुन्हा ऐकू आला.