अंगठ्याचे 14 रुपये

नानांनी माझ्या बिलातून 14 रुपये कापले. आकडा ऐकून हसू नका. मीही आधी हसलो होतो, आता हसत नाही. मी भाषांतरकार, माझा दर शब्दाला 2 रुपये. नानांच्या चॅटमध्ये 7 इमोजी होते. नानांनी बिल चष्म्याजवळ धरलं, बोट फिरवलं आणि विचारलं, "चित्रस्ना पैसा काब्र दिऊ भो? ते तर पयलेच व्हतात ना तठे."

म्हणजे चित्रं आधीपासून तिथेच होती, तुम्ही काय केलं? मला उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर लांब होतं आणि नानांची चोपड्याची एस.टी. लागली होती. तेच इथे देतो.

प्रकरण साधं आहे. नानांची केळीची बाग. त्यांच्या पुतण्याचं दिल्लीकडच्या एका व्यापाऱ्याशी मोबाइलवर बोलणं झालं, त्या भरवशावर घड कापले, गाडी आली नाही. भर उन्हाळ्यात, खानदेशात, कापलेला 8 टन माल बांधावर. आता दावा लावायचा, आणि वकिलांना चॅटच्या स्क्रीनशॉटचं मराठी भाषांतर हवं. मूळ बोलणं इंग्रजी लिपीतल्या हिंदीत, मध्येच इंग्रजी.

व्यापारी विचारतो: "भाई माल रेडी??" पुतण्या: "हां भैया 8 टन, कल सुबह कटिंग करू क्या, रेट वही 1400 ना". व्यापारी: 👍. नंतर पुतण्या: "गाडी किधर है". मग "भैयाऽऽऽ". व्यापारी: "ब्रो मार्केट डाउन 😭😭 आयडीके, टीएमआर बात करते". पुतण्या: "😂😂😂". त्याच्याखाली नुसतं एक इंग्रजी अक्षर, "के". शेवटी व्यापाऱ्याकडून 🙏.

एवढंच. चहा थंड व्हायच्या आत संपेल असं काम. असं मला वाटलं नव्हतं, पण नानांना वाटलं होतं.

अशा कामाला मी आधी कोष्टक आखतो. चॅटमधल्या प्रत्येक फुग्याला क्रमांक, पाठवणारा, वेळ, मूळ मजकूर जसाच्या तसा, चुकांसकट, आणि शेजारी भाषांतर. पहिली ठेच तिथेच लागते. स्क्रीनशॉटवर तारखेच्या जागी "आज" लिहिलेलं असतं. कुठला आज? ज्या दिवशी चित्र काढलं तो आज. नाना तारीख सांगत होते, तोंडपाठ होती बिचाऱ्यांना, पण चित्रात नाही ते मी लिहू शकत नाही. मी लिहिलं, "तारीख दिसत नाही, 'आज' एवढंच दिसतं." नानांचा चेहरा पडला. मी म्हटलं, "नाना, मूळ फोन जपून ठेवा, चॅट पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागेल, ते वकील बघतील. माझा शिक्का भाषांतराचा आहे, फोनचा नाही."

मग टायपिंग. कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये आप्पा बसतात. आप्पांचा वेग असा की पक्षकार शिंक देईपर्यंत त्यांचा परिच्छेद संपलेला असतो. पण आप्पांची फॉन्ट जुनी, युनिकोडच्या आधीची. त्या फॉन्टमध्ये खरं तर मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, वर फक्त देवनागरीचा मुखवटा. अशा फॉन्टमध्ये इमोजीला जागा कुठली? मी अंगठा चिकटवायला सांगितला, पडद्यावर रिकामी चौकट उमटली.

आप्पा म्हणाले, "हे आलं बघा."

"आप्पा, ही चौकट आहे."

"छापल्यावर येईल."

छापल्यावरही चौकटच आली. सातही ठिकाणी. नानांचा पुतण्या आणि व्यापारी एकमेकांना रिकामे डबे पाठवत होते असा तो कागद. आप्पांनी तो उन्हात धरला, जणू पाठीमागून अंगठा दिसेल. मग म्हणाले, "राहू द्या ना सर. साहेब समजून घेतात."

"साहेबांनी काय समजून घ्यायचं? की इथे काहीतरी होतं?"

"बरं, मग शब्दात टाकतो." आणि मी तोंड उघडायच्या आत टकटक टकटक. कागद बाहेर. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: "व्यापाऱ्याने अंगठा दाखवला."

मी खुर्चीवरून उठलो. "आप्पा, हे काय केलंत?"

"काय चुकलं? अंगठा नाही का तो?"

"अहो, अंगठा दाखवला म्हणजे ठेंगा दाखवला! म्हणजे व्यापारी आधीच नाही म्हणाला होता आणि नानांनी उगाच बाग कापली! केसच उलटली तुमच्या एका ओळीत!"

आप्पा शांत. "मग 'अंगठा उठवला' करू?"

"मग त्यानं सहीच केली असं होईल."

"तेच तर पाहिजे ना तुमच्या पक्षकाराला?"

नाना मागून म्हणाले, "हां, तेच कर." पुतण्यानंही मान हलवली. शेजारच्या टेबलावरचा, वारस दाखल्यासाठी आलेला कुणीतरी गृहस्थ उठून आला, स्क्रीनशॉट पाहिला आणि म्हणाला, "हा अंगठा नाही, ही मूठ आहे. अंगठा नुसता वर आलाय." यावर आप्पा आणि तो गृहस्थ यांच्यात मूठ महत्त्वाची की अंगठा यावर चर्चा सुरू झाली. गृहस्थाचं म्हणणं, डावा की उजवा हेही लिहायला पाहिजे, रजिस्ट्री ऑफिसात डाव्या अंगठ्याचा ठसा घेतात. त्यानं स्वतःचा हात पडद्यापाशी धरून ताडून पाहिला. मग पालथा धरून पाहिला. डावा की उजवा यावर दोन मतं पडली. चहा आला. चहाचे पैसे मी दिले, तेही बिलात नाहीत.

आता मला जे करायचं होतं ते सांगतो. इमोजीचं भाषांतर करायचं नसतं. तो जागच्या जागी ठेवायचा आणि शेजारी चौकटी कंसात दिसतं तेवढं लिहायचं: [अंगठा वर केलेला हात]. दाखवला नाही, उठवला नाही. त्याचा अर्थ सौदा पक्का की नुसतं "निरोप मिळाला", हे ठरवणं न्यायाधीशांचं काम. आणि हा वाद काही आमच्या शेडमध्ये जन्माला आलेला नाही. कॅनडात सस्कॅचेवान प्रांतात एका धान्य कंपनीनं 2021 मध्ये जवसाच्या कराराचा फोटो शेतकऱ्याला पाठवला, करार पक्का करा म्हणून. त्यानं 👍 पाठवला. जवस काही पोचवलं नाही. म्हणाला, अंगठा म्हणजे करार मिळाला एवढंच. 2023 मध्ये कोर्टानं निकाल दिला की अंगठा म्हणजे होकार, आणि सुमारे 82 हजार डॉलर भरपाई लावली. अपिलातही तेच टिकलं. पण गंमत अंगठ्यात नव्हती. तोच शेतकरी आधीच्या सौद्यांना "ओके", "हो", "ठीक दिसतंय" असं लिहून माल पोचवत आला होता. मागची सवय बघून कोर्टानं अंगठा वाचला.

हे नानांना सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "तठे शेतकरी हारना?" मी म्हटलं, हो, पण इथे अंगठा व्यापाऱ्याचा आहे. मग त्यांना तो निकाल एकदम आवडला. तो निकाल इथल्या कोर्टावर बंधनकारक नाही, हे मी दोनदा सांगितलं. ते ऐकू आलं नाही. त्यापेक्षा आधीच्या हंगामातलं त्याच व्यापाऱ्याचं चॅट काढा, तेव्हाही तो अंगठा पाठवून गाडी पाठवत होता का बघा, हे मी सांगितलं, ते मात्र पुतण्यानं लिहून घेतलं.

खरा घाम शब्दांनी काढला. "आयडीके" म्हणजे इंग्रजीतल्या "मला माहीत नाही"ची आद्याक्षरं. पूर्ण लिहिलं तर व्यापारी पोलिसांना जबाब देतोय असं वाटतं. तो तर खांदे उडवत होता. मी लिहिलं, "माहीत नै". "टीएमआर" म्हणजे उद्या, "उद्या बोलू". "ब्रो"चा "भो" करायचा मोह फार झाला, पण मग दिल्लीचा माणूस थेट जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये उभा राहतो, म्हणून "ब्रो"च ठेवला. "भैयाऽऽऽ" मधली लांबण ठेवली, कारण पहिल्या "गाडी किधर है" आणि या हाकेच्या मध्ये दोन तास आहेत, आणि ते दोन तास त्या लांबणीतच आहेत.

आणि तो "के". ओके नाही, ठीक आहे नाही, एकच अक्षर. आप्पांनी "मान्य" टाकलं होतं. मान्य! पोराचा 8 टन माल उन्हात पिकतोय आणि तो मान्य म्हणतोय! गाडी आली नाही हे कबूल, असा अर्थ समोरच्या वकिलानं हसत हसत काढला असता. मी "बरं" लिहिलं आणि खाली टीप दिली: मूळ मजकूर एकच अक्षर, संमती किंवा तुटक प्रतिसाद दोन्ही अर्थ संभवतात. या एका अक्षराचे मला 2 रुपये मिळाले. ते नानांनी कापले नाहीत, त्याबद्दल आभारी आहे.

शेवटी पुतण्याच्या मोबाइलवरून इमोजीसकट छापलं, तर झेरॉक्सच्या काळ्या-पांढऱ्यात 😂 आणि 😭 हुबेहूब सारखे दिसायला लागले. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी, दोघांचीही तोंडं उघडी. व्यापारी रडतोय की पुतण्या, कळेना. कंसातलं वर्णन तिथे कामी आलं: [मोठ्यानं रडणारा चेहरा, दोनदा], [डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा, तीनदा].

यावर रात्री वकीलसाहेबांचा फोन. "सर, हा मुलगा हसतोय का? नुकसान झालंय आणि हसतोय?"

"साहेब, संतापून हसतात पोरं. पण चिन्ह हसण्याचंच आहे."

"काढता येईल?"

"नाही येणार. मूळ चित्र सोबत जोडताय ना तुम्ही?"

थोडा वेळ पानं उलटल्याचा आवाज. मग अत्यंत गोड आवाजात: "मग असं करा ना. 'डोळ्यांत पाणी असलेला चेहरा' लिहा. खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. मला राग त्याचाच आला. मी म्हटलं, "साहेब, मग व्यापाऱ्याच्या रडण्यालाही तेच लिहावं लागेल. दोघंही सारखेच दुःखी दिसतील." वकीलसाहेब म्हणाले, "तुम्ही फारच अवघड करता बुवा, मागच्या वेळचा भाषांतरकार बरा होता, त्यानं चित्रं घेतलीच नव्हती," आणि फोन ठेवला.