म्हणे दूध कशाला विकता, दही विका!

आज एका कृषी प्रदर्शनाला गेलो होतो, अजून डोकं तापलेलंय. स्टेजवरचे पाहुणे म्हणाले, "दूध कशाला विकता? दही करा. तिसाचे ऐंशी होतात. मूल्यवर्धन करा, मूल्यवर्धन!" टाळ्या पडल्या, शाल-श्रीफळ झालं, साहेब गाडीत बसून गेले.

आकडा तसा खोटा नाही, आणि म्हणूनच चीड येते. पनीरसारखं दह्यात काही निथळून जात नाही, लिटरभर दुधाचं जवळजवळ किलोभर दही होतं. ४०० ग्रॅमची पिशवी ३५ रुपयांना धरा, किलोला ८७ पडले. गोठ्यावर लिटरला मिळाले ३०. मधले ५७ कोणाचे?

माझ्या थोरल्या वहिनीने हे करून बघितलंय. संगमनेर तालुक्यातलं गाव, घरच्या गायी, शेजारच्या चार घरांचं दूध, एक डीप फ्रीजर आणि कपावर झाकण चिकटवायचं मशीन. वहिनीचं दही खाऊन बघा, मग बोला.

पण घरचं दही पातेल्यात लागतं आणि तिथेच संपतं. कपातलं दही टेम्पोत हिंदकळतं आणि वर पाणी सुटतं. लोक म्हणतात, खराब झालं. डेअरीवाले पिशवीच्या दुधाला ७२ अंशांवर १५ सेकंद देतात, पण दह्याचं दूध ९० अंशांवर चांगलं पाच मिनिटं धरतात. तेवढं तापलं की एरवी निवळीत जाणारी प्रथिनं दह्याच्या जाळीला चिकटतात आणि पाणी धरून ठेवतात. शिवाय दूध पावडर घालून एसएनएफ, म्हणजे दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग, वाढवतात. मग ४२-४३ अंशांवर आणून कल्चर टाकायचं, कप भरायचे, काही तास उबेत ठेवायचे आणि पीएच ४.६ च्या आसपास आला की झटकन ५ अंशांखाली न्यायचं. त्या 'झटकन'चेच पैसे आहेत हो! वहिनीच्या फ्रीजरमध्ये बाहेरचे कप गार व्हायचे आणि मधले रात्रभर कोमट राहून आंबत बसायचे. त्यात लाइट गेली की बघायलाच नको.

एकदा तर अख्खा घाणा लागलाच नाही. सकाळी झाकण काढलं तर दूध जसंच्या तसं. विरजणाचा दोष नव्हता. चारातल्या एका घरी गायीला दगडी झाली होती, डॉक्टरांनी सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडलेली, आणि दूध बंद ठेवायच्या दिवसांतलं दूध कॅनमध्ये आलं. त्या औषधाने विरजणातले जंतूही मरतात. लॅक्टोमीटरवर हे दिसत नाही, फॅट-एसएनएफ छान लागतं. डेअरीत टँकर आत घेण्याआधी पट्टी बुडवून बघतात. वहिनीकडे कुठली पट्टी? आणि त्या घरच्या माणसाला तरी काय बोलणार, त्याचाही दुधाचा पगार दहा दिवसांनी येतो, दूध ओतून देणं परवडतं का?

त्यातूनही जे दही दुकानात पोचलं, त्यातल्या एका दुकानदाराने रात्री फ्रिज बंद ठेवला. कप फुगले. फुगलेले सगळे कप परत, पैसे वहिनीचे कापले.

बरं, मान्य, कंपन्याही हा परतीचा माल पचवतात, गाड्या थंड ठेवतात, दुकानदाराचं कमिशन देतात. ५७ रुपये सगळे काही त्यांच्या खिशात जात नाहीत.

पण मग मलईचं बोला ना! गायीचं ३.८ फॅटचं दूध घेतात, दही करतात ३ फॅटचं. शंभर लिटरमागे पाऊण किलोच्या आसपास फॅट बाजूला निघतं, त्याचं तूप होतं. तुपाचा भाव तुम्हाला माहीत आहे, लिटरला चार-पाच रुपये तिथेच सुटतात. आणि आमच्याकडे ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या खाली एक पॉइंट घसरला की दर कापलाच. स्टेजवरून हे कोण सांगणार?

आता चिडून झालंय, थोडं शांतपणे लिहितो. वहिनीने दही सोडलेलं नाही, कप सोडले. आता ती लग्नाच्या आचाऱ्यांना आणि हायवेवरच्या दोन ढाब्यांना ऑर्डरप्रमाणे बादलीत लावून देते. बादली जागची हलत नाही तोवर दही लागतं, पहाटे पोचतं, दुपारपर्यंत कढीत किंवा मठ्ठ्यात जातं. पाणी सुटलं तरी आचारी घुसळणारच असतो. झाकण नाही, दुकानाचा फ्रिज नाही, परत माल नाही. किलोला ६० मिळतात, ८७ नाही. दूध घेताना मात्र ती दारातच विचारते, "कुठल्या गायीला ट्यूब सोडलीय का?" आणि सोडली असेल तर ते दूध वेगळ्या कॅनमध्ये ठेवायला लावते. लग्नसराई संपली की ऑर्डरी आटतात, तेव्हा उरलेलं दूध परत सेंटरवरच जातं, ३०ने.