नारळी पौर्णिमेच्या क्लिपबद्दलच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

"स्टेटससाठी 15 सेकंदांची क्लिप करून घेतली. घरातल्या 14 जणांचे फोटो आणि नावं दिली होती, एकही घातलं नाही. चकाकी नाही, फुलं नाहीत, अक्षरं एकेक करून येत नाहीत, लाटासुद्धा मध्येच थांबतात. शेवटचे चार सेकंद तर नुसती एक ओळ. सगळं रिकामं वाटतं. पैसे कशाचे घेतले?"

नमस्कार दादा,

सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

नावांपासून सुरुवात करू. फोनवर चालती ओळ वाचताना, त्यातही वयस्कर माणसांना, सेकंदाला दोन शब्द एवढाच वेग झेपतो, असं आम्ही धरतो. नाव आणि आडनाव मिळून 14 जणांचे 28 शब्द होतात. म्हणजे 14 सेकंद नावांतच जातात आणि दर्याला मागणं मागायला एक सेकंद उरतो. फोटोंचंही तसंच. एकामागून एक दाखवले तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक सेकंद येतो, तोवर आधीचा चेहरा कोणाचा होता हेही कळत नाही. चौकटी करून एकत्र बसवले, तर उभ्या क्लिपच्या 1080 पिक्सेल रुंदीत चार चेहऱ्यांची रांग बसते, प्रत्येकी 270 पिक्सेलची. हातातल्या फोनवर तो चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा दिसतो. घरच्यांना तो ओळखता येतो, ग्रुपवरच्या बाकीच्यांना नाही.

म्हणून तुमच्या क्लिपमध्ये मागणं एकच ठेवलं: "दर्याराजा शांत राहो, जाळं भरून येवो, गेलेली प्रत्येक होडी सुखरूप बंदराला लागो." हे 12 शब्द आहेत. पहिले तीन सेकंद अक्षर नाही, फक्त तुम्हीच काढलेला व्हिडिओ: पताका लावलेली होडी, नाळेवर सोनेरी कागदात मढवलेला नारळ, मागे सुवर्णदुर्ग. पुढचे सात सेकंद मागणं. मग एक सेकंद मोकळा, आणि शेवटचे चार सेकंद "नारळी पौर्णिमेच्या मनापासून शुभेच्छा", त्याखाली कुटुंबाचं नाव आणि हर्णै. तो मोकळा सेकंद मुद्दाम सोडला आहे. एक ओळ गेली आणि लगेच दुसरी आली, तर डोळा आधीच्याच ओळीच्या जागी अडकून राहतो आणि नव्या ओळीचे पहिले दोन शब्द निसटतात.

लाटा तीन सेकंदांनी थांबतात त्याचं कारण तुमच्या तक्रारीतल्या चकाकीशी जोडलेलं आहे. स्टेटसला टाकलेला कुठलाही व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅप दाबून लहान करतं. दाबताना आधीच्या चित्रापेक्षा पुढच्या चित्रात काय बदललं, तेवढंच मुख्यतः साठवलं जातं. स्थिर आकाशाला जवळपास काहीच जागा लागत नाही. पण फेसाळत्या लाटा, उडणारी चकाकी किंवा वरून पडणाऱ्या पाकळ्या असल्या, की दर चित्रात सगळं बदलतं. ठरलेली जागा त्यांच्यातच संपते आणि अक्षरांच्या कडांना काही उरत नाही. ते ओळखायचं कसं, तर शिरोरेषेभोवती बारीक चौकोन दिसू लागतात आणि अनुस्वार आधी विरतात, "शांत"मधला आणि "जाळं"वरचा. तुमच्या फोनमधल्या मूळ फाइलमध्ये हे दिसणार नाही, स्टेटसला चढवल्यावर दुसऱ्याच्या फोनवर दिसेल. म्हणून लाटा हलत्या असताना अक्षर ठेवलं नाही आणि अक्षर आल्यावर चित्र थांबवलं. आमच्या मते हलणारा समुद्र हवाच, तीन सेकंद का होईना. नुसत्या स्थिर फोटोवर लिहिलेलं मागणं जाहिरातीसारखं दिसतं.

ओळी आख्ख्याच उमटतात, अक्षराअक्षराने येत नाहीत. ती पद्धत इंग्रजी अक्षरांसाठी बनलेली आहे. बऱ्याच एडिटिंग अ‍ॅपमध्ये ती मराठीला लावली, की "पौर्णिमेच्या" लिहिताना आधी "पौर" दिसतं, मग र चा पाय मोडतो, मग ण आल्यावर तोच र उडी मारून रफार होऊन ण च्या डोक्यावर बसतो, आणि पाठोपाठ वेलांटी ण च्या अलीकडे घुसते. वाचणाऱ्याला त्या अर्ध्या सेकंदात चुकीचं मराठी दिसतं. शब्द-शब्द आणता येतो, त्यात जोडाक्षरं मोडत नाहीत. हवं असेल तर तसं करून देऊ.

अक्षरं वर आकाशात आणि गडद निळ्या रंगात का, हेही सांगतो, कारण खालची जागा रिकामी वाटण्याचं ते एक कारण आहे. श्रावणातलं आकाश पांढरट आणि खाली फेसही पांढरा, त्यावर पांढरं किंवा पिवळं अक्षर उन्हात बंदरावर उभं राहून वाचता येत नाही. शिवाय स्टेटस उघडल्यावर वर तुमचं नाव आणि खाली उत्तर द्यायची पट्टी येते. 1920 पिक्सेल उंचीत वरचे 250 आणि खालचे 350 आम्ही त्यासाठीच सोडतो. मोबाइल नंबर घातला नाही तोही याचसाठी. स्टेटस बघणाऱ्याकडे तुमचा नंबर असतोच.

आता शेवटचे चार सेकंद. स्टेटस संपलं की पुढच्या माणसाचं स्टेटस आपोआप सुरू होतं. शुभेच्छा कोणी दिल्या ही ओळ शेवटच्या एका सेकंदात आली, तर ती वाचून होण्याआधीच पडदा बदलतो. ओळीत नाव-गाव धरून साधारण सात शब्द, म्हणजे साडेतीन सेकंद लागतात. उरलेला अर्धा सेकंद आवाज हळूहळू उतरायला. बरेच जण आवाज बंद ठेवूनच बघतात, म्हणून ओळीचा भार गाण्यावर टाकलेला नाही. हे चार सेकंद आम्ही कमी करणार नाही, बाकी काहीही बदलून घ्या. क्लिपची सुरुवातही काळ्या पडद्यातून उजळत नाही, थेट होडीपासून आहे. काळ्या पडद्यातून सुरुवात केली असती तर ग्रुपवर पाठवल्यावर, कोणी उघडण्याआधी, नुसता काळा चौकोन दिसला असता.

14 जणांसाठी दोन मार्ग आहेत. नावं क्लिपखालच्या मजकुरात टाइप करायची. तिथे ती कधीच फुटत नाहीत, आणि वाचणारा स्क्रीनवर बोट दाबून धरून स्टेटस थांबवू शकतो. किंवा क्लिपच्या लगेच मागे एक स्थिर चित्र लावायचं, दोन उभ्या रांगांत सात-सात नावं, मागे तोच निळा रंग. आम्ही दुसरा सुचवू, कारण स्थिर चित्रात नावं मोठी बसतात आणि बघणाऱ्याला स्क्रीनशॉट काढून ते जपून ठेवता येतं. त्याचे वेगळे पैसे नाहीत, ठरल्या रकमेत एक बदल धरलेलाच असतो. चेहरेच हवे असतील तर 14 जणांचा एकत्र उभा राहून काढलेला एक फोटो पाठवा, आडवा नको, उभा. 14 वेगळे फोटो चिकटवण्यापेक्षा तो कितीतरी चांगला दिसतो.

फाइल आम्ही डॉक्युमेंट म्हणून पाठवली आहे, तशीच उतरवून गॅलरीतून एकदाच स्टेटसला लावा. दुसऱ्याच्या स्टेटसवरून स्क्रीन रेकॉर्ड करून घरात कोणी पुन्हा लावली, तर ती दुसऱ्यांदा दाबली जाते आणि तेव्हा स्थिर अक्षरंही फुटतात. घरातल्या प्रत्येकाला मूळ फाइलच द्या.

नावांची यादी पाठवताना कोणत्या क्रमाने लावायची तेही लिहा, आणि ऱ्हस्व-दीर्घ घरी वापरता तसंच ठेवा, आम्ही ते बदलत नाही.